आधीच्या भाडेकरूची थकबाकी कोणाच्या माथी?

काका वीज कंपनीच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आणि त्यांच्या सोसायटीनं त्यांना खजिनदार केलं. मी वकिली करते. माझ्याकडे येणारी बरीच माणसं भाड्याच्या घरात राहणारी असतात. त्यामुळे एकाच प्रश्नाकडे आम्ही दोघं दोन बाजूंनी पाहतो. यावेळी प्रश्न होता ठाणे जिल्ह्यातल्या एका नवविवाहित जोडप्याचा. 5 एप्रिलला त्यांनी दोन खोल्यांच्या फ्लॅटची किल्ली घेतली. करार नोंदवलेला, अकरा महिन्यांचा, डिपॉझिट दिलेलं. किल्ली घेण्याआधी त्यांनी वीजबिलही तपासलं होतं. थकबाकीच्या रकान्यात शून्य होतं. आणि मेच्या सुरुवातीला हातात पडलं 11,600 रुपयांचं बिल. एक पंखा, एक फ्रिज आणि दिवसभर कामावर असणारी दोन माणसं. त्यात सोसायटीच्या सचिवांनी निरोप पाठवला की या फ्लॅटचा मेंटेनन्स वर्षभर थकलाय, 38,000 रुपये, तो आधी भरा.

काका: वीजबिल त्यांनी भरावं. ऐकायला कडू वाटेल, पण वीज माणसाला दिलेली नसते, जागेला दिलेली असते. मीटर भिंतीवर राहतो, माणसं बदलतात. प्रत्येक वेळी ‘तो मी नव्हेच’ म्हणायची सोय ठेवली तर कंपनीनं वसुली करायची कोणाकडून? थकबाकी झाली की कोणीही भाडेकरू बदलून दाखवेल.

मी: वीज त्यांनी वापरलेली नाही, काका. कंपनीशी त्यांचा करारही नाही. मीटर घरमालकाच्या नावावर आहे, ग्राहक तो आहे. जे वापरलं नाही त्याचे पैसे कोणत्या न्यायानं मागायचे?

काका: न्यायाचं नंतर बोलू, नियमाचं आधी बोलू. आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगाची विद्युत पुरवठा संहिता आहे. आधी 2005ची होती, आता 2021ची. दोन्हींत हा नियम आहे: आधीच्या मालकाची किंवा ताबेदाराची न भरलेली रक्कम त्या जागेवरचा बोजा असते आणि ती नव्या मालकाकडून किंवा ताबेदाराकडून वसूल करता येते. ‘ताबेदार’ हा शब्द नियमात आहे. भाडेकरू म्हणजे ताबेदारच.

मी: नियमाचं पुढचं वाक्यही सांगा ना. कायदेशीर वारस सोडला तर ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकारापुरतीच आहे. दोन-तीन वर्षांची थकबाकी नव्या माणसाच्या डोक्यावर टाकता येत नाही.

काका: बरोबर, सहा महिने. पण ते सहा महिने कोणाच्या कामाचे, हे तुझे अशील नीट समजून घेत नाहीत. ती मर्यादा नव्यानं आलेल्यासाठी आहे. या घरात मीटर आधीही मालकाच्याच नावावर होता आणि आजही आहे. ग्राहक बदललेलाच नाही. म्हणून मालकाला सहा महिन्यांची ढाल मिळत नाही, त्याच्याकडे पूर्ण रक्कम निघते. आणि त्यानं भरली नाही तर कंपनी पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडू शकते. विद्युत अधिनियम, 2003चं कलम 56. अंधार मालकाच्या घरात होणार नाही, या पोरांच्या घरात होईल.

इथे काकांचं म्हणणं मला मान्य करावं लागलं, आणि माझ्या मते या विषयातली खरी गुंतागुंत इथेच आहे. ‘देणं कोणाचं’ आणि ‘वीज कोणाची जाणार’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं दोन वेगळ्या माणसांवर येतात. सर्वोच्च न्यायालयानं मे 2023मध्ये के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या प्रकरणात हे बरंच स्पष्ट केलं. ती प्रकरणं लिलावात जागा घेणाऱ्यांची होती, भाडेकरूंची नव्हती. तरी तत्त्व इथेही उपयोगी पडतं. वीजबिलाची थकबाकी आपोआप जागेवरचा बोजा होत नाही, मात्र कायद्यानं किंवा नियमानं तसं म्हटलं असेल तर होते. आणि जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी देणार नाही, अशी अट घालता येते. महाराष्ट्रात तसा नियम आहे, म्हणून नुसतं ‘मी वापरली नाही’ एवढं म्हणून इथे भागत नाही.

मी: ठीक आहे, कंपनीपुढे ताबेदार अडचणीत येतो हे मान्य. पण आधी बिल उघडून तर पाहू. थकबाकी शून्य होती, मग 11,600 आले कुठून?

काकांनी चष्मा लावून बिल पाहिलं. त्यांच्या बोटाला रकाने पाठ होते.

काका: हे बघ. मागचे पाच महिने चालू रीडिंगच्या जागी आकडाच नाही, घर बंद असल्याची नोंद आहे. मीटर आतल्या गॅलरीत असणार, रीडिंग घ्यायला आलेल्याला दार उघडं मिळालं नाही. मग सरासरीनं बिल काढलं, दरमहा 90 युनिट. ती बिलं आधीच्या भाडेकरूनं वेळेवर भरली, म्हणून थकबाकी शून्य. पण खरा वापर मीटरमध्ये साठत राहिला. 28 एप्रिलला हे दोघं घरात होते, दार उघडलं, खरं रीडिंग मिळालं आणि साठलेलं सगळं एकदम बिलात आलं.

मी: म्हणजे किल्ली घेताना थकबाकीचा रकाना पाहून काहीच कळलं नसतं.

काका: नाही. मागच्या बिलांतली रीडिंगं पाहायला हवी होती. आकडा आहे की सरासरी, एवढंच. सलग दोन महिने तेच युनिट दिसले तर समजायचं, मीटर कोणी वाचलेला नाही.

त्या जोडप्याच्या हाती एक गोष्ट मात्र होती. किल्ली घेतली त्या दिवशी मुलीनं घराचे फोटो काढले होते: भिंतीवरची ओल, तुटलेली खिडकी आणि मीटरही. मीटरच्या फोटोत आकडा स्पष्ट होता, 7,580. तो फोटो तिनं त्याच संध्याकाळी घरमालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. मालकानं अंगठा दाखवून उत्तर दिलं होतं.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. ऑक्टोबरच्या 28 तारखेचं शेवटचं खरं रीडिंग 6,310. 28 एप्रिलचं 7,740. सहा महिन्यांत एकूण 1,430 युनिट. त्यातले 450 पाच सरासरी बिलांतून आधीच आकारले गेले होते, म्हणून उरले 980. किल्लीच्या दिवशी आकडा 7,580 होता, म्हणजे जोडप्याचे 160 युनिट. बाकीचे 820 आधीचे. 160 युनिटांचा आकार साधारण 1,600 रुपये धरला, तर उरलेले दहा हजारांच्या आसपास दुसऱ्याचे.

काका: आणि स्लॅब बघ. घरगुती दरात पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, 301 ते 500 त्याहून महाग आणि 500च्या पुढे सगळ्यांत महाग. सहा महिन्यांचे 1,430 युनिट एका महिन्यात मोजले तर निम्म्याहून अधिक सर्वांत महाग स्लॅबमध्ये जातील. पण ते सहा महिन्यांत विभागले तर महिन्याला 238 येतात, म्हणजे दुसऱ्या स्लॅबच्या वर जातच नाहीत. या बिलात विभागणी केलेली दिसते आहे. नसती केली तर पहिला अर्ज त्यासाठीच करायचा. विभागणी करून द्या, एवढं म्हटलं तरी बिल बरंच खाली येतं.

मी: आता दहा हजार कोणाचे ते बोलू. आधीचा भाडेकरू गेला, त्याचा फोन लागत नाही. त्याचं डिपॉझिट कोणाकडे होतं? मालकाकडे. ते परत करताना मीटर पाहायची जबाबदारी कोणाची? मालकाची. ज्याच्या हातात आधीच्याचंही डिपॉझिट होतं आणि आताच्याचंही आहे, त्यानंच हे देणं फेडायचं. करारात लिहिलंय, ‘परवाना कालावधीतील वीजबिल परवानाधारकाने भरावे’. त्यांचा कालावधी 5 एप्रिलला सुरू झाला. त्याआधीचं त्यांच्यावर येतच नाही.

काका: मालक आणि भाडेकरू यांच्यापुरतं तुझं बरोबर आहे. यावर मी वाद घालत नाही. माझं एवढंच की कंपनीला त्या कराराशी काही देणंघेणं नाही. म्हणून आधी भरा, मग मालकाशी भांडा.

मी: सरसकट ‘आधी भरा’ हेच मला पटत नाही. कलम 56मध्येच एक वाट ठेवलेली आहे आणि कोणी ती वापरत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर हरकत नोंदवून रक्कम भरता येते. मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या सरासरी आकारानुसार दरमहा होणारी रक्कम, या दोहोंतली जी कमी असेल ती. तेवढी भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. या घराची सरासरी तर 90 युनिटांची, म्हणजे फारच कमी. त्या दोघांना 11,600 एकरकमी द्यायची गरजच नाही.

काका: वाद खरा असायला हवा. इथे रीडिंग खरं आहे, युनिट खरे आहेत. कंपनी म्हणेल, आमचं बिल बरोबर आहे, तुमचा वाद मालकाशी आहे. मग ही वाट किती टिकेल?

मी: तो धोका आहे, मान्य. म्हणून स्लॅबची विभागणी चुकली असेल, वापर शंकास्पद असेल किंवा रक्कम सहा महिन्यांपलीकडची असेल, तिथेच ती वाट घट्ट असते. नाहीतर हप्ते मागायचे. अर्ज मालकाच्या सहीनं किंवा त्याच्या अधिकारपत्रासह करायचा, कारण खिडकीवर पहिला प्रश्न हाच येतो की ग्राहक कोण. दाद मिळाली नाही तर कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल. आणि दोन वर्षांपूर्वीची रक्कम निघाली तर कलम 56(2) आहे. ती रक्कम दर बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर दोन वर्षांनंतर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. निनान प्रकरणात न्यायालयानं म्हटलंय की कंपनीला दिवाणी दाव्याचा मार्ग तरीही राहतो. पण दावा वेगळा आणि घरात अंधार करणं वेगळं.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं तो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा त्या पोरांनी घाबरून सगळे पैसे भरून टाकले. परत मिळणार कसे?

मी: भारतीय करार अधिनियम, 1872, कलम 69. जे देणं कायद्यानं दुसऱ्यावर आहे आणि ते भरण्यात तुमचं हित गुंतलेलं आहे, ते तुम्ही भरलंत तर त्या माणसाकडून परत घेण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. वीज तुटू नये हे त्यांचं हित. देणं मालकाचं. दोन्ही अटी इथे जुळतात. मात्र भरण्याआधी मालकाला लेखी कळवायला हवं: इतकी रक्कम, त्यातली आमच्या काळातली इतकी, बाकी तुमची, अमुक तारखेपर्यंत भरा, नाहीतर आम्ही भरून तुमच्याकडून वसूल करू. सोबत फोटो आणि हिशेबाचा कागद.

काका: आणि भाड्यातून कापून घ्यायचं?

मी: मालकाची लेखी संमती असेल तर सरळ कापावं. नसेल तर मी सांगते, कापू नका. भाडं थकवलं म्हणून करार संपवायचं कारण त्याच्या हाती आयतं जाईल.

काका: इथे मी तुझ्याहून कडक आहे. मी म्हणतो, कापावं. त्याला नोटीस दिलीय, पावती आहे, फोटो आहे. दहा हजारांसाठी कोणी कोर्टात जाणार नाही हे मालकाला पक्कं ठाऊक असतं, आणि म्हणूनच तो फोन उचलत नाही.

हा मतभेद आमच्यात शेवटपर्यंत राहिला. मला काकांचा राग समजतो. पण भाडेकरूचं घर जाण्याची जोखीम मोठी, त्यापुढे दहा हजार रुपये लहान. डिपॉझिट परत मिळवताना हा हिशेब मांडायचा, असंच मी सांगितलं.

मग सोसायटीचे 38,000. इथे काका खजिनदार म्हणून बोलू लागले आणि आवाज चढला.

काका: तुला सोसायटी चालवायची नाही. चोवीस फ्लॅट आहेत. तीन मालक परदेशात, दोघं फोन उचलत नाहीत. लिफ्टचा करार, पाण्याचं बिल, वॉचमनचा पगार थांबत नाही. जे भरतात त्यांच्या पैशांतून न भरणाऱ्यांची लिफ्ट चालते. दारात दिसणारा एकच माणूस म्हणजे भाडेकरू, आणि लिफ्ट तोच वापरतो. त्याच्याकडे नाही मागायचं तर कोणाकडे?

मी: सभासदाकडे. सोसायटीशी नातं त्याचं आहे, भागपत्र त्याच्या नावावर आहे, बिल त्याच्या नावानं निघतं. भाडेकरू सभासद नाही. मतदान नाही, सभेत बसता येत नाही, हिशेब पाहता येत नाही. मग देणं तेवढं त्याचं कसं? अगदी बिनभोगवटा शुल्कसुद्धा मालकाचंच आहे, आणि तेही 1 ऑगस्ट 2001च्या शासन आदेशानुसार सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

काका: कायदा मला माहीत आहे. पण आमच्या समितीत ठराव आला होता की थकबाकीदाराच्या भाडेकरूचं सामान लिफ्टनं चढू द्यायचं नाही, पाण्याची लाईन बंद करायची. मी विरोध केला, पण ठराव मांडणाऱ्यांचा त्रास मला दिसत होता.

मी: विरोध केलात ते योग्यच होतं. पाणी तोडण्याचा अधिकार समितीला कोणत्याही उपविधीनं दिलेला नाही. आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्यानं देताना सोसायटीची परवानगी लागत नाही. कराराची प्रत आणि पोलीस पडताळणीच्या कागदांसह आठ दिवस आधी लेखी कळवलं की झालं. तेव्हा ‘आधी थकबाकी, मग सामान’ ही अट चालणारी नाही. सोसायटीकडे मजबूत हत्यार आहे, ते ती वापरत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार कायद्यात कलम 154ब-29 आलं. निबंधकाकडे अर्ज करायचा, वसुली दाखला घ्यायचा, मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. फ्लॅट तर इथेच आहे. मालक परदेशात असला तरी फ्लॅट विमानात बसून जात नाही.

काका: दाखला मिळायला वेळ लागतो. अर्ज, हिशेबाचे उतारे, नोटिसांच्या पोचपावत्या, सुनावण्या. आमची निम्मी समिती सत्तरीच्या पुढची आहे.

मी: म्हणून त्या पोरांनी भरायचं?

काका: नाही. पण एक मधला मार्ग आहे आणि तो आम्ही दोनदा वापरलाय. मालकाकडून पत्र घ्यायचं की अमुक महिन्यापासून मेंटेनन्स भाडेकरू थेट सोसायटीला भरेल आणि तेवढी रक्कम भाड्यातून वजा होईल. तिघांच्या सह्या. पावती मात्र मालकाच्या नावानं. मागची थकबाकी त्यात धरायची की नाही, हे मालकानं लिहून द्यायचं.

हा मार्ग मला आवडला. एक अट घालून: पत्राशिवाय भाडेकरूनं एकही रुपया सोसायटीला देऊ नये. पत्राविना दिलेले पैसे परत मागताना ‘तुम्हाला कोणी सांगितलं होतं?’ असा प्रश्न येतो आणि कलम 69चा आधार तिथे लंगडा पडतो, कारण वीज तुटण्यासारखी कायदेशीर टांगती तलवार तिथे नसते. भाडेकरूनं स्वतः केलेलं नुकसान, स्वतः वापरलेला हॉल किंवा स्वतः घेतलेली पार्किंगची जागा यांचे पैसे अर्थात त्याचेच. हा सगळा हिशेब भाडेकरूचा आहे. घर विकत घेणाऱ्याचा हिशेब वेगळा. सभासदत्व हस्तांतरित करताना सोसायटी थकबाकी मागतेच, म्हणून त्यानं खरेदीखतापूर्वी नो ड्यूज दाखला घेतलाच पाहिजे.

शेवटी त्या दोघांसाठी आम्ही एक पानाचं पत्र तयार केलं. काकांनी युनिटांचा तक्ता लिहिला, मी मजकूर. मालकाला चौदा दिवसांची मुदत, सोबत मीटरचा फोटो, त्याच्या अंगठ्याच्या उत्तराचा स्क्रीनशॉट आणि मागच्या पाच सरासरी बिलांच्या प्रती. सोसायटीला दुसरं छोटं पत्र, की थकबाकी सभासदाकडे मागावी आणि आम्ही मालकाच्या लेखी सूचनेनुसार सहकार्य करू. काकांना त्यात आणखी एक वाक्य हवं होतं: ‘चौदा दिवसांनी रक्कम भाड्यातून वजा करू.’ मी ते खोडलं. त्यांनी पेन घेतलं आणि त्याच जागी लिहिलं, ‘चौदा दिवसांनी रक्कम आम्ही भरू आणि डिपॉझिटच्या हिशेबात मागू.’ त्यावर आम्ही दोघंही थांबलो.